खिडकीतून दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्यावरून इमारत आणि मजला कसा काढायचा

प्रश्न: माझे आजोबा नोकरीनिमित्त १९९० च्या सुमारास साताऱ्यात भाड्याने राहायचे. पत्ता आता कुणालाच आठवत नाही. खिडकीतून काढलेला एकच फोटो उरलाय. समोर अजिंक्यतारा आणि वरचा मनोरा, मध्ये खांबांवरची पाण्याची टाकी, उजवीकडे एका देवळाचा कळस, आणि अगदी पुढ्यात एक इमारत. एवढ्यावरून ते घर कुठलं आणि कितव्या मजल्यावर, हे सांगता येईल का?

उत्तर: येईल. इमारत बऱ्यापैकी खात्रीने सांगता येईल. मजल्याचं थोडं अवघड आहे, पण तुमच्या फोटोत पुढ्यातच इमारत आहे आणि तिच्यामागे डोंगराचा उतार, त्यामुळे तोही निघेल. माझं आयुष्य मोजणीच्या कामात गेलं. तिथे आपली जागा नकाशावर ठरवायची जी रीत आहे तीच इथे लागू पडते, फक्त दुर्बिणीच्या जागी फोटो.

आधी फोटो सुलटा छापलाय का ते बघा. त्या काळी निगेटिव्ह उलटी धरून छापलेले फोटो घरोघरी सापडतात, आणि डावं-उजवं बदललं की पुढचं सगळं वाया जातं. साताऱ्यात ही तपासणी सोपी आहे. शहर किल्ल्याच्या उत्तरेला पसरलंय. शहरातून किल्ल्याकडे तोंड केलं की यवतेश्वरचा डोंगर उजव्या हाताला येतो, आणि दोन्हींच्या मध्ये बोगद्याची खिंड. तुमच्या फोटोत उजव्या कडेला किल्ल्याचा उतार खाली येऊन पुन्हा वर चढू लागतो, ती ही खिंड. यवतेश्वर डावीकडे असता तर दोनच शक्यता उरल्या असत्या: फोटो उलटा छापला, नाहीतर घर किल्ल्याच्या पलीकडे, शेंद्र्याच्या अंगाला होतं. त्या दोहोंत निवड करायला कुठल्याही दुकानाची पाटी किंवा गाडीचा नंबर पुरतो.

आता मुख्य काम. लोक पहिल्यांदा कोन मोजायला जातात, फोनमधलं होकायंत्र काढतात. मी तसं करत नाही. होकायंत्र स्लॅबमधल्या सळ्यांजवळ सहज पाच-दहा अंश चुकतं. फोटोवरून कोन काढायचा तर कॅमेऱ्याची लेन्स कुठली होती, छापताना कडा किती कापल्या, हे माहीत हवं, आणि जुन्या फोटोत ते कधीच माहीत नसतं. त्याऐवजी रांगा शोधायच्या. दोन वस्तू फोटोत बरोबर एकावर एक दिसत असतील, एक जवळची आणि एक लांबची, तर कॅमेरा त्या दोघींना जोडणाऱ्या रेषेवरच होता. लेन्स कुठलीही असो, फोटो कितीही कापलेला असो, हे बदलत नाही. नकाशावर त्या दोन वस्तू सापडल्या की पट्टी लावायची आणि रेषा आपल्या बाजूला वाढवायची. अशा दोन रेषा जिथे छेदतात तिथे घर.

वस्तू निवडताना मात्र एक काळजी घ्या. डोंगराची बाह्यरेषा वापरू नका. गोलसर उताराची जी कड आकाशावर उठून दिसते ती डोंगरावरची ठरलेली जागा नसते. तुम्ही दोनशे पावलं सरकलात की उताराचा दुसराच भाग कड म्हणून दिसू लागतो. खिंडीचा सगळ्यात खोल भाग हाही असाच फसवा आहे, कारण तो दोन वेगवेगळ्या उतारांच्या कडांनी मिळून दिसतो. ज्या वस्तूला जमिनीवर एकच जागा आहे तीच घ्यायची: मनोरा, कळस, टाकी, तटाचा कोपरा, कड्यातली एखादी ठळक घळ. मनोऱ्याच्या बाबतीत एवढं बघा की किल्ल्यावर आज काय उभं आहे आणि फोटोत काय आहे, त्यांचा आकार जुळतो ना. मोबाइलचे टॉवर नंतर आले, त्यांच्यात गल्लत होऊ शकते.

तुमच्या फोटोत पहिली रांग आयती आहे. मनोरा टाकीच्या डाव्या कडेवर बरोबर उभा आहे. उपग्रहाच्या चित्रात टाकी गोल दिसते आणि मनोऱ्याची सावली लांब पडते, त्यामुळे दोन्ही सापडतात. रेषा टाकीच्या मध्यातून नव्हे, कडेतून न्यायची. ही रेषा किल्ल्यावरून उत्तरेकडे येते आणि मल्हार पेठेच्या परिसरातून पुढे जाते. दुसरी रांग कळसाची: कळसाच्या टोकामागे तटाचा एक कोपरा येतो. ती रेषा जरा तिरकी, नैऋत्येकडून ईशान्येकडे जाणारी.

या रेषांवर किती विसंबायचं, त्याचा हिशोब करून ठेवा. तुमच्या बाबतीत टाकीपासून मनोरा साधारण ९०० मीटर आणि घरापासून टाकी ६०० मीटर. टाकीची कड टिपताना पाच मीटरची चूक झाली तर घरापाशी ती वाढून आठ मीटरच्या आसपास होते. म्हणजे रेषा नव्हे, सोळा-सतरा मीटर रुंदीचा पट्टा. दुसऱ्या रेषेचाही तेवढाच पट्टा धरू. दोन पट्टे काटकोनात छेदले असते तर लहानसा चौकोन मिळाला असता. इथे ते तीसेक अंशांत छेदतात, म्हणून तीसेक मीटर बाजूचा आणि लांबच्या कर्णात साठ मीटरच्याही वर जाणारा शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा मिळतो. जुन्या पेठेत एवढ्या तुकड्यात पाच-सहा इमारती सहज बसतात. दोन रेषा जवळजवळ एकाच दिशेच्या असतील, दहा अंशांचाच फरक असेल, तर हा तुकडा इतका लांबतो की गल्लीच्या गल्ली आत येते. तेव्हा दुसरी रांग नेहमी फोटोच्या दुसऱ्या टोकाकडची शोधावी.

पाच-सहांतून एक निवडायला जवळची वस्तू लागते. एक डोळा मिटून हातभर लांब धरलेल्या बोटाकडे बघा आणि डोकं जरा हलवा. बोट मागच्या भिंतीवर किती झरझर सरकतं ते दिसेल. पुढ्यातली इमारत इथे त्या बोटाचं काम करते. ती तुमच्यापासून साधारण ६० मीटरवर आहे, गच्चीवर जिन्याची खोली आहे, आणि त्या खोलीची उजवी कड मनोऱ्याच्या किंचित डावीकडे येते. मनोरा दीड किलोमीटरवर. कॅमेरा आडवा तीन मीटर सरकला तर ती कड किल्ल्यावर बहात्तर मीटर सरकलेली दिसेल. म्हणजे शेजारच्या इमारतीतून फोटो काढला असता तर मनोरा त्या खोलीपासून पार लांब गेला असता किंवा तिच्याआड लपला असता. या एका रांगेवरून इमारतच नव्हे, त्या मजल्यावरची डावी खोली की उजवी, इथपर्यंत जाता येतं.

पुढ्यातली इमारत आज उभी आहे का, हा प्रश्न खरा. पेठांमध्ये जुनी घरं पाडून अपार्टमेंट झाली आहेत. उपग्रहाची बारीक चित्रं बाजारात आली ती १९९९ च्या अखेरीपासून, त्यामुळे १९९० ची गच्ची गूगल अर्थच्या जुन्या चित्रांत मिळेलच असं नाही. तरीही २००० नंतरचं जे सगळ्यात जुनं स्वच्छ चित्र असेल ते उघडून बघा, बऱ्याच इमारती तोवर टिकून होत्या. आणि तीही नसेल तर नगर भूमापनाचा नकाशा. घर पाडून नवं बांधलं तरी मिळकतीची हद्द सहसा तीच राहते, आणि पेठेतल्या जुन्या इमारती हद्दीला चिकटून बांधलेल्या असतात. भिंतीची जागा त्यावरून बऱ्यापैकी धरता येते.

आता मजला. इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण ते समोरच्या इमारतीचे मजले मोजतात आणि तोच आकडा आपल्या इमारतीला लावतात.

पहिलं पाऊल डोळ्याची पातळी काढायचं. समोरच्या इमारतीचे छज्जे भिंग घेऊन बघा. जो छज्जा आपल्या डोळ्याच्या वर असतो त्याची खालची बाजू दिसते. जो खाली असतो त्याची वरची बाजू दिसते, तिथली धूळ, सुकत घातलेलं काही, पावसाचे काळे ओघळ. जो नेमका पातळीत असतो त्याची नुसती जाडी दिसते, एक बारीक पट्टी. तुमच्या फोटोत समोरची इमारत तळमजला आणि वर दोन मजले अशी आहे. पहिल्या मजल्याच्या छज्जाची वरची बाजू स्पष्ट दिसते, आणि दुसऱ्या मजल्याचा छज्जा म्हणजे नुसती पट्टी. डोळा त्या छज्जाच्या पातळीत होता. याची पडताळणी इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर करा. मागे पळत जाणाऱ्या आडव्या रेषांपैकी पातळीच्या वरच्या रेषा लांब जाताना खाली झुकतात, खालच्या वर चढतात, आणि सगळ्या वाढवल्या की एकाच बिंदूत येतात. तो बिंदू छज्जाच्या पट्टीच्या उंचीवर पडला म्हणजे दोन्ही पुरावे एकच सांगतात. कॅमेरा थोडा वर तोंड करून धरला असला तरी हे चालतं. आडवा कललेला असेल तर मात्र आधी फोटो सरळ करून घ्या.

दुसरं पाऊल या पातळीचे मीटर करायचं. त्या काळच्या साध्या बांधकामात जोतं सुमारे ०.६ मीटर, मजल्याची उंची तीन मीटर, आणि खिडकीच्या वरचा छज्जा फरशीपासून २.१ मीटरवर धरायला हरकत नाही. जुन्या वाड्याला हे लागू नाही, तिथे मजले बुटके असतात आणि एकसारखेही नसतात. समोरच्या इमारतीचा दुसऱ्या मजल्याचा छज्जा तिच्या जमिनीपासून ०.६ अधिक ३ अधिक ३ अधिक २.१, म्हणजे ८.७ मीटर.

आता आपल्या इमारतीत बघू. उभ्या माणसाचा कॅमेरा फरशीपासून दीड मीटरवर. ८.७ मधून तो दीड मीटर आणि जोत्याचे ०.६ वजा केले की ६.६ उरतात, तीनने भागले की दोनच्या थोडं वर. दुसरा मजला, असं म्हणून लोक मोकळे होतात. सपाट गावात हे उत्तर बरोबर ठरलंही असतं. सांगलीत मी निःशंक मान्य केलं असतं.

साताऱ्यात नाही. किल्ल्याच्या पायथ्यापासून जमीन उत्तरेला वेण्णा नदीकडे उतरत जाते. समोरची इमारत किल्ल्याच्या बाजूला आहे, म्हणजे तिचं जोतंच तुमच्या जोत्यापेक्षा उंचावर. किती, ते मोजायलाच हवं. गल्लीत चालताना सहज जाणवेल असा उतार, वीस मीटरला एक मीटर, धरला तरी साठ मीटरमध्ये तीन मीटर होतात. एक अख्खा मजला. डोळा आता तुमच्या जमिनीपासून ११.७ मीटरवर जातो, आणि तोच हिशोब केला की तिसरा मजला येतो.

हा उतार गूगल अर्थच्या उंचीवरून काढू नका. ते आकडे मोठ्या भूभागासाठी ठीक असतात, पण दाट पेठेत छपरं आणि झाडं जमिनीच्या उंचीत मिसळलेली असतात, आणि साठ मीटरमधला तीन मीटरचा फरक त्यात हरवून जातो. प्रत्यक्ष जाऊन लेव्हल ट्यूबने काढा. गवंड्याकडे असते ती, पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन माणसं आणि वीस मीटरची नळी असली की तीन टप्प्यांत काम होतं. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, एवढंच.

तिसरं पाऊल मला सगळ्यात आवडतं. मघाची रांगेची युक्ती इथे उभी लावायची. समोरच्या गच्चीच्या कठड्याची वरची कड डोंगराच्या उताराला कुठे कापते ते बघायचं. तुमच्या फोटोत कठड्याच्या जरासं वर, उतारावर, एक पांढरं छोटं देऊळ दिसतं आणि त्याचा ओटाही दिसतो. ते घरापासून सुमारे ९०० मीटरवर आणि समोच्च रेषांच्या नकाशावरून तुमच्या जमिनीपेक्षा ५० मीटरच्या आसपास उंचावर येतं. इथे दोन-चार मीटर इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही, का ते लगेच दिसेल.

समोरच्या इमारतीची गच्ची तिच्या जमिनीपासून ९.६ मीटरवर, कठडा एक मीटरचा, म्हणजे १०.६. उताराचे तीन मीटर मिळवले की कठड्याची कड तुमच्या जमिनीपासून १३.६ मीटरवर. तिसऱ्या मजल्यावरून कॅमेरा ११.१ मीटरवर असणार. कठडा त्याच्यापेक्षा अडीच मीटर वर, साठ मीटर अंतरावर. ती नजर तशीच पुढे ९०० मीटरपर्यंत नेली की पंधरापट चढते, साडेसदतीस मीटर. डोंगरावर ती ४८-४९ मीटर उंचीला लागते. देऊळ ५० मीटरवर आहे. कठड्याच्या अगदी वर ओट्यासकट डोकावायला हवं, आणि तसंच ते डोकावतंय.

दुसरा मजला असता तर? कॅमेरा ८.१ मीटरवर, कठडा त्याच्यापेक्षा साडेपाच मीटर वर. पंधरापट केलं की साडेब्याऐंशी. नजर ९० मीटरच्या आसपास लागली असती आणि देऊळ कठड्याआड पूर्ण गडप झालं असतं. चौथ्या मजल्यावरून कॅमेराच कठड्याच्या वर जातो, तेव्हा पायथ्यापर्यंतचा उतार आणि मधली घरं दिसली असती. एका मजल्याचा फरक डोंगरावर बेचाळीस मीटरचा पडतो. नकाशातली दोन-चार मीटरची चूक त्यात बुडून जाते. छज्जावरून काढलेल्या पातळीला हा वेगळा साक्षीदार आहे. दोघांचं जुळलं नाही तर बहुतेक वेळा समोरच्या इमारतीचं अंतर किंवा कठड्याची उंची चुकलेली असते. कठडा भिंतीचा आहे की भिंतीवर वर पाइप लावलेत, ते पुन्हा बघा.

दोन गोष्टी उंचीवरून कधीच कळत नाहीत. एक, तिसऱ्या मजल्याची खिडकी आणि तळमजला अधिक दोन मजल्यांच्या इमारतीची गच्ची यांची उंची एकच येते. तुमच्या फोटोच्या डाव्या कडेला ग्रिलचा धूसर गज आलाय, त्यामुळे गच्ची बाद, नाहीतर हे दोन पर्याय उघडेच राहिले असते. दुसरी, खाली पार्किंग असलेल्या इमारतीत पार्किंगच्या वरच्या मजल्याला कुणी पहिला म्हणतं, कुणी तळमजला. पार्किंगची उंचीही तीन मीटर नसते, कमीच असते. तेव्हा घरातल्या मोठ्यांना ‘कितवा मजला’ विचारण्यापेक्षा ‘किती जिने चढायचे’ हे विचारा.

प्रत्यक्ष बघायला जाल तर सकाळचे नऊ-दहा ही वेळ बरी. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो, शहराकडची किल्ल्याची बाजू सावलीत राहते आणि दुपारी धुरकटात तट ओळखू येत नाही. पावसाळ्यात धुकं. रस्त्यावरून आधी मनोरा टाकीच्या डाव्या कडेवर येतो ती जागा चालत चालत गाठा, खालून टाकी दिसत नसेल तर जवळच्या एखाद्या गच्चीवर परवानगीने जा. मग कळस आणि तटाचा कोपरा जुळेपर्यंत त्या रेषेवरच पुढे-मागे व्हा.

इमारत सापडली तर मिळकत पत्रिकेवर त्या वर्षी मालक कोण होते ते दिसेल. भाडेकरूचं नाव तिथे नसतं, पण आजोबांच्या जुन्या कागदांत घरमालकाचं आडनाव कुठे ना कुठे सापडतं, भाडेपावतीवर किंवा एखाद्या पत्राच्या ‘द्वारा’ पुढे. ते जुळलं की खात्री. आणि हो, हे सगळं मी लिहिलं ते तुमच्या घरचा फोटो आहे म्हणून. अनोळखी माणसाने टाकलेल्या खिडकीच्या फोटोवरून त्याचं घर शोधून द्या म्हणून कुणी आलं तर मी हात घालत नाही.

टाकीच्या डाव्या कडेचा भाग मोठा करून पुन्हा स्कॅन करा, जमलं तर निगेटिव्हवरूनच. सगळी पहिली रेषा त्या कडेवर उभी आहे, आणि तुम्ही पाठवलेल्या चित्रात ती कड दोन-तीन ठिपक्यांइतकी पसरलेली दिसते.